लक्ष पायांवर ठेवावे की पायांपुढील खुणेवर?

गल्ल्यावर बसून नोटांची थप्पी मोजणाऱ्या अनुभवी माणसाची बोटे पाहावीत. अंगठा नोट सरकवतो, तर्जनी ती टिपते, ओठ आकडा पुटपुटतात आणि शंभर नोटा बघता बघता मोजून होतात. त्याच माणसाला म्हणावे, ‘अंगठा नेमका कोठे टेकतो आणि तर्जनी किती वाकते, त्याकडे लक्ष देऊन मोजा,’ की पुढच्याच थप्पीत बोटे अडखळू लागतात. बोटे तीच, नोटाही त्याच. बदलले ते एवढेच, की आधी लक्ष नोटेवर होते आणि आता ते अंगठ्यावर आले.

हा फरक करमणुकीपुरता राहिला असता, तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु घराघरांत तो दररोज अधिक गंभीर रूपाने उभा राहतो. आजारातून उठलेल्या सासूबाई पलंगापासून दारापर्यंत चालत असतात आणि सून काळजीपोटी सांगत असते, ‘आई, पाय नीट उचला, गुडघा सरळ ठेवा, टाच आधी टेकवा.’ प्रत्येक सूचना प्रेमाने दिलेली असते आणि तीत चूकही काही नसते. तरीही पाऊल अधिकच आखडते. म्हातारपणी एका पडण्याचे मोल किती मोठे असते, हे ज्या घराने भोगले आहे त्याला सांगावयास नको. म्हणूनच हालचाल करताना मन नेमके कोठे ठेवावे, या प्रश्नावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे संशोधन झाले, ते समजून घेण्याजोगे आहे.

एक फळी आणि दोन सूचना

या संशोधनाशी सर्वाधिक जोडलेले नाव म्हणजे गॅब्रिएले वुल्फ. म्युनिक येथील माक्स प्लांक संस्थेत मानवी हालचालींचा अभ्यास करीत असताना त्यांना शिडाच्या फळीवर उभे राहून पाण्यावर सरकण्याचा छंद होता. इटलीच्या उत्तरेस असलेल्या गार्डा सरोवरात त्या फळी वेगात वळवण्याची एक अवघड क्रिया शिकत होत्या. पाय कोठे, हात कोठे, भार कोणत्या बाजूस, याचा विचार करीत राहिल्या तोवर त्या वारंवार पाण्यात पडत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या अंगाचा विचार सोडला आणि फक्त फळी किती कलते आहे याकडे लक्ष दिले. तेव्हा ते वळण जमू लागले. एका व्यक्तीचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, याची जाणीव असल्यामुळे त्यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. मार्कुस ह्योस आणि वोल्फगांग प्रिंझ या सहकाऱ्यांसह केलेले ते प्रयोग 1998 मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यातील तोलाच्या फळीचा प्रयोग विशेष बोलका आहे. मध्यभागी आसावर टेकवलेली एक लाकडी फळी घ्यावयाची. लहान मुलांच्या सीसॉप्रमाणे ती डावीकडे किंवा उजवीकडे कलते. तिच्यावर दोन्ही पाय ठेवून उभे राहावयाचे आणि ती शक्य तितकी आडवी, म्हणजे जमिनीला समांतर, ठेवावयाची. एका फेरीचा काळ 90 सेकंदांचा. अशा सात फेऱ्या पहिल्या दिवशी आणि सात दुसऱ्या दिवशी. फळी किती कलली, याची नोंद यंत्र सतत घेत असे.

शिकणाऱ्यांचे दोन गट केले होते. पहिल्या गटाला सांगितले, ‘तुमचे दोन्ही पाय एका पातळीवर ठेवण्याकडे लक्ष द्या.’ दुसऱ्या गटासाठी फळीवर, पावलांच्या अगदी पुढे, दोन लाल खुणा केल्या होत्या. त्यांना सांगितले, ‘या दोन खुणा एका पातळीवर ठेवण्याकडे लक्ष द्या.’ येथे वाचकाने क्षणभर थांबून विचार करावा. पाय फळीवर आहेत आणि खुणाही फळीवरच आहेत. पाय समपातळीत आले म्हणजे खुणाही येणारच. दोन सूचनांमधील अंतर काही बोटांचे. भौतिक अर्थाने दोन्ही गटांना एकच काम दिले होते.

तिसऱ्या दिवशी कोणालाही सूचना न देता परीक्षा घेतली. ही पद्धत मुद्दाम स्वीकारलेली असते. सराव चालू असताना दिसणारी सुधारणा तात्पुरती असू शकते. सूचना देणारा बाजूला झाल्यावर जे उरते तेच खरे शिकणे. या परीक्षेत खुणांवर लक्ष ठेवून शिकलेल्यांची फळी पायांवर लक्ष ठेवून शिकलेल्यांच्या फळीपेक्षा स्थिर राहिली.

याच अभ्यासातील दुसरा प्रयोग बर्फावर घसरण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रावर झाला. त्यात चाकांवरील पाट डावीकडे-उजवीकडे ढकलावयाचा असतो. काहींना बाहेरच्या पायाने जोर लावण्यास सांगितले, काहींना त्या पायाखालील बाहेरच्या चाकांवर जोर देण्यास सांगितले आणि तिसऱ्या गटाला काहीच सांगितले नाही. चाकांचा विचार करणारे पुढे गेले. पायाचा विचार करणाऱ्यांना मात्र, काहीही सूचना न मिळालेल्यांपेक्षा अधिक लाभ झाला नाही. शिक्षकाने शरीराविषयी दिलेली अचूक सूचना निष्फळ ठरू शकते, ही बाब त्या काळी अनेकांना धक्का देणारी होती.

तेव्हापासून या दोन प्रकारांना दोन नावे मिळाली. स्वतःच्या स्नायूंवर, सांध्यांवर वा अवयवांवर लक्ष ठेवणे म्हणजे आंतरिक लक्ष. हालचालीचा बाहेर जो परिणाम घडावयाचा त्यावर लक्ष ठेवणे म्हणजे बाह्य लक्ष. येथील ‘आंतरिक’ हा शब्द सामायिकातील वा ध्यानातील अंतर्मुखतेच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. तेथे काही उचलावयाचे, फेकावयाचे किंवा गाठावयाचे नसते. येथे प्रश्न केवळ हालचालीच्या गुणवत्तेचा आहे.

असे का घडते?

वुल्फ, नॅन्सी मॅकनेविन आणि चार्ल्स शे यांनी 2001 मध्ये याचे एक स्पष्टीकरण मांडले. उभे राहणे, चालणे, वस्तू उचलणे या क्रियांमध्ये असंख्य बारीक दुरुस्त्या सतत चालू असतात. घोटा किंचित झुकतो, पोटरी ताणली जाते, कंबर त्याला सावरते, आणि हे सर्व आपल्या नकळत घडते. जाणीवपूर्वक विचार त्या मानाने संथ असतो. पायावर लक्ष केंद्रित केले की हा संथ विचार वेगवान यंत्रणेच्या कामात हात घालतो आणि तिला जखडून टाकतो. परिणामावर लक्ष ठेवले, तर मन काय हवे ते ठरवते आणि ते कसे साधावयाचे हे शरीरावर सोपवते. मालकाने आपल्या कसबी कारागिराला कोणता दागिना हवा ते सांगावे. हातोडीचा प्रत्येक ठोका कसा मारावा हे सांगत बसू नये, असाच हा व्यवहार आहे.

हे स्पष्टीकरण केवळ कल्पना राहू नये म्हणून त्यांनी ते तपासले. फळीवर तोल सांभाळणाऱ्याच्या हाती एक कळ दिली आणि मधूनच आवाज होताच ती दाबण्यास सांगितले. ज्याचे मन तोल सांभाळण्यातच गुंतले असेल त्याला कळ दाबण्यास उशीर होणार, हे उघड आहे. खुणांवर लक्ष ठेवणाऱ्यांनी कळ लवकर दाबली, म्हणजे त्यांच्या मनाला मोकळीक अधिक होती. शिवाय त्यांची फळी लहान लहान पण जलद दुरुस्त्यांनी सावरली जात होती, तर पायांचा विचार करणाऱ्यांच्या दुरुस्त्या संथ आणि मोठ्या होत्या. सायकल शिकणारे मूल हँडल मोठमोठ्या झोकांनी फिरवते आणि मुरलेला स्वार ते जाणवणारही नाही इतके हलवतो, तसाच हा भेद.

पुढे स्नायूंमधील विद्युतक्रिया मोजूनही हाच धागा सापडला. 2004 मधील एका अभ्यासात कोपर वाकवून वजनाचा दांडा उचलताना काही वेळा दंडावर आणि काही वेळा दांड्यावर लक्ष ठेवण्यास सांगितले. दांड्यावर लक्ष असताना तेवढेच वजन उचलण्यासाठी स्नायूंची विद्युतक्रिया कमी झाली. पुढील वर्षी बास्केटबॉलच्या मुक्त फेकीत मनगटाच्या झटक्याऐवजी कड्यावर लक्ष ठेवल्यावर नेम सुधारला आणि दंडाच्या स्नायूंची क्रियाही घटली. म्हणजे आंतरिक लक्षामुळे स्नायू गरजेपेक्षा अधिक खर्च करतात, आणि त्या वाढीव खर्चात नेमकेपणा हरवतो.

जोर लावण्याच्या क्रियेतही फरक पडतो. जेरेड पोर्टर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 120 विद्यार्थ्यांना जागेवरून लांब उडी मारण्यास सांगितले. एका गटाने गुडघे शक्य तितक्या वेगाने सरळ करण्याचा विचार करावयाचा होता, दुसऱ्याने आरंभरेषेपासून शक्य तितके दूर जाण्याचा. दुसऱ्या गटाची सरासरी उडी सुमारे दहा सेंटीमीटर अधिक लांब होती. त्यासाठी कसलाही व्यायाम किंवा आहार लागला नाही. एक वाक्य तेवढे बदलले होते.

रुग्णाच्या खोलीत

खेळाडूंपेक्षा या ज्ञानाची गरज रुग्णांना अधिक आहे. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांमध्ये नकळत चालणाऱ्या हालचालींची यंत्रणाच मंदावते आणि तोल जाण्याचा धोका वाढतो. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अशा 14 रुग्णांना हवा भरलेल्या रबरी चकतीवर उभे केले. ‘पाय कमीत कमी हलवा’ असे सांगितल्यापेक्षा ‘चकती कमीत कमी हलू द्या’ असे सांगितल्यावर त्यांचे डोलणे कमी झाले. पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णांवर 2002 मध्ये झालेल्या एका अभ्यासात डबा, सफरचंद आणि कप उचलून ठेवण्याची साधी कामे दिली होती. हाताच्या हालचालीचा विचार करण्याऐवजी वस्तूचा विचार केल्यावर हात अधिक वेगाने आणि कमी वेळात पोहोचला.

असे असूनही उपचाराच्या वेळी बोलले काय जाते? ब्रिटनमधील संशोधकांनी पक्षाघाताच्या रुग्णांना व्यायाम देणाऱ्या उपचारकांचे बोलणे नोंदवून तपासले, तेव्हा हालचालीविषयीचा जवळपास सर्व अभिप्राय शरीराच्या अवयवांविषयी असल्याचे आढळले. जेथे प्रशिक्षित माणसेही असेच बोलतात, तेथे घरच्यांकडून वेगळी अपेक्षा कशी करावी?

आता एक साधी क्रिया सविस्तर पाहू. ज्येष्ठांना खुर्चीतून उठण्याचा सराव करावयाचा आहे. नेहमीच्या सूचना अशा असतात: ‘पाठ वाकवा, मांड्यांवर जोर द्या, गुडघे सरळ करा.’ तीन सूचना, आणि तिन्ही शरीराविषयी. त्यांच्या जागी परिणामाची एकच सूचना शोधावयाची. समोरच्या भिंतीवर, उभे राहिल्यावर डोळ्यांच्या उंचीवर येईल अशा ठिकाणी, रंगीत कागदाचा तुकडा चिकटवावा आणि म्हणावे, ‘बाबा, त्या कागदाकडे वर चला.’ जोर कमी पडत असेल, तर ‘मांड्यांवर जोर द्या’ याऐवजी ‘फरशी खाली ढकला’ असे म्हणता येते. दोन्ही वाक्यांनी तेच स्नायू कामाला लागतात, पण लक्ष फरशीवर जाते.

चालताना ‘पाय उचला’ याऐवजी ‘या फरशीवरून त्या फरशीवर जा’ किंवा ‘जमिनीवरील पट्टी ओलांडा’ असे सांगावे. पट्टी सपाट चिकटवलेली असावी. दोरी किंवा काठी आडवी ठेवणे म्हणजे अडखळण्याला निमंत्रण होय. ताट उचलताना ‘मनगट स्थिर ठेवा’ याऐवजी ‘वाटीतील आमटी हलू देऊ नका’ ही सूचना अधिक नेमकी ठरते.

खूण किती दूर असावी, यालाही महत्त्व आहे. 2003 मध्ये तोलाच्या फळीवरील खुणा काहींसाठी पावलांजवळ आणि काहींसाठी पावलांपासून दूर ठेवल्या, तेव्हा दूरच्या खुणांवर लक्ष ठेवणाऱ्यांचा तोल अधिक चांगला राहिला. खूण शरीराला फार लगटून असेल तर मन पुन्हा शरीराकडेच घसरते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

लाभ होतो आहे की नाही, हे पाहण्याचीही पद्धत असावी. खुर्चीतून उठण्याची एक प्रचलित चाचणी आहे. भिंतीला टेकवलेल्या, न घसरणाऱ्या आणि हात नसलेल्या खुर्चीवर बसून, दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून, 30 सेकंदांत पूर्ण उभे राहणे किती वेळा जमते ते मोजावयाचे. जुन्या सूचनेने एक दिवस आणि नव्या सूचनेने दुसऱ्या दिवशी, साधारण त्याच वेळी, मोजून आकडे वहीत मांडावेत. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. आठवडाभराच्या नोंदी पाहाव्यात. अखेरीस एक दिवस काहीही न बोलता मोजावे, कारण खरी परीक्षा तिसऱ्या दिवसाच्या त्या फळीप्रमाणे सूचनेविना होते. चाचणीच्या वेळी शेजारी धरावयास माणूस हवाच. ज्यांना हाताच्या आधारावाचून उठताच येत नाही, त्यांनी ही चाचणी घरी करू नये.

हा नियम कोठे थांबतो

या सिद्धांताच्या मर्यादाही तितक्याच ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली मर्यादा व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांच्या कामाची आहे. तेथे ‘स्नायूचा विचार करून उचल’ असे सांगण्याची प्रथा आहे आणि ती निराधार नाही. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये व्यायामाची सवय नसलेल्या 30 तरुणांना आठ आठवडे वजने उचलावयास लावली. दंडाचा स्नायू आवळण्याकडे लक्ष देणाऱ्यांच्या दंडाची जाडी 12.4 टक्के वाढली. वजन वर नेण्याकडे लक्ष देणाऱ्यांची 6.9 टक्के. मांडीच्या स्नायूंत मात्र असा भेद आढळला नाही. वरवर पाहता हे फळीच्या प्रयोगाच्या उलट वाटते, पण तसे नाही. आंतरिक लक्षाने स्नायूचा खर्च वाढतो, हे आपण पाहिले. नेम, तोल किंवा उडी साधावयाची असेल तर तो खर्च वाया जातो. स्नायूच वाढवावयाचा असेल तर तोच खर्च गुंतवणूक ठरतो. हेतू काय, यावर लक्ष कोठे ठेवावयाचे ते ठरते. त्यातही वजन फार जड झाले की हा मार्ग उरत नाही. छातीवरून वजन ढकलण्याच्या एका अभ्यासात, एका वेळी जेमतेम पेलवणाऱ्या कमाल वजनाच्या 60 टक्क्यांपर्यंत ठरावीक स्नायूवर लक्ष देऊन त्याची क्रिया वाढवता आली. 80 टक्क्यांवर ते साधले नाही.

दुसरी मर्यादा नवशिक्यांची. सायन बाईलॉक आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये फुटबॉलपटूंना खांबांमधून चेंडू नेताना तो पायाच्या कोणत्या बाजूला लागतो ते सांगावयास लावले. मुरलेले खेळाडू त्यामुळे मंदावले. नवशिक्यांना मात्र, असंबद्ध शब्द ऐकत चेंडू नेण्यापेक्षा पायाकडे लक्ष देणे बरे पडले. बाह्य लक्ष म्हणजे मन भलतीकडे वळवणे नव्हे, हेही यातून कळते. चालणाऱ्या वृद्धाशी गप्पा मारल्याने त्याचे लक्ष बाहेर जाते खरे, पण ते कामाच्या परिणामावर जात नाही, आणि त्यातून धोकाच वाढू शकतो.

तिसरी बाब विद्वानांमधील मतभेदाची. 2021 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष बाह्य लक्षाच्या बाजूने ठाम होता. 2024 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हीच सामग्री वेगळ्या रीतीने तपासली. अनुकूल निष्कर्ष अधिक छापले जातात आणि प्रतिकूल मागे पडतात, याचा हिशेब धरल्यास हा लाभ मानला जातो त्यापेक्षा बराच लहान आणि अनिश्चित आहे, असे त्यांनी दाखवून दिले. हा वाद मिटलेला नाही. म्हणून खूण लावताच चमत्कार घडेल अशी आशा धरू नये, आणि वहीतील नोंद टाळू नये.

शेवटची मर्यादा सुरक्षिततेची. खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय एका विशिष्ट कोनापलीकडे नेऊ नये असे शल्यविशारदाने सांगितले असेल, तर तेथे पायाकडे लक्ष द्यावेच लागते. दुखणारा सांधा जपतानाही तसेच. अशा वेळी घरच्या घरी सूचना बदलू नये. उपचारकाला विचारावे, ‘हीच गोष्ट खूण दाखवून सांगता येईल काय?’ बहुतेक वेळा ती सांगता येते, आणि प्रश्न विचारल्याने उपचारकाचेही आपल्या शब्दांकडे लक्ष जाते.

घरी पाळावयाचे पथ्य त्यामानाने सोपे आहे. वडीलधाऱ्यांना हालचाल सांगण्यापूर्वी आपल्या वाक्यातील नाम तपासावे. ते पाय, गुडघा, पाठ किंवा हात असेल, तर त्या जागी फरशी, कागद, वाटी किंवा दाराची मूठ बसते का ते पाहावे. बसत असेल, तर ती एकच सूचना द्यावी आणि मग गप्प राहावे. शरीराला त्याचे काम करू देण्यासाठी ते मौनही आवश्यक असते.